चार लॉट, चार गुरुवार

ऑप्शन विकणाऱ्याला वाटतं आपला पैसा फक्त मार्केट वर गेलं की खाली गेलं यावर ठरतो, पण खरं तर ऑप्शन संपतो त्या एक्सपायरीच्या दिवशी ते नेमकं कुठे होतं यावर सगळं ठरतं, आणि तो दिवस आपण विकतानाच फिक्स करून टाकलेला असतो.

2024 च्या निवडणूक निकालाचंच घ्या. 3 जूनला निफ्टी 23,264 ला बंद झाला. समजा त्या दिवशी तुम्ही 23,000 च्या स्ट्राइकचा पुट विकला, म्हणजे एक्सपायरीला निफ्टी 23,000 च्या खाली असेल तर तो फरक तुम्ही भरायचा, चार लॉट, तेव्हाच्या 25 च्या लॉटने 100 नग, सगळे 6 जून गुरुवारच्या एक्सपायरीचे. 4 तारखेला निफ्टी पावणेसहा टक्क्यांच्या वर आपटून 21,884. गुरुवारी सावरून 22,821 ला आला, तरी स्ट्राइकच्या 179 खालीच, म्हणजे सुमारे 17,900 रुपये गेले, त्यातून विकताना मिळालेला प्रीमियम काय तो वजा.

आता तेच चार लॉट 6, 13, 20 आणि 27 जूनला एकेक असे, शिडीच्या पायऱ्यांसारखे, लावले असते तर? पहिल्याचे साधारण 4,500 गेले असते. पण 13 ला निफ्टी 23,399, 20 ला 23,567, 27 ला 24,044, त्यामुळे बाकीचे तिन्ही पुट शून्य. आपण एफडी वेगवेगळ्या तारखांना मॅच्युअर होतील अशा करतो ना, तसंच आहे हे. रोजच्या वापरात मात्र चारही एकदम विकत नाहीत, दर आठवड्याला एक संपतो आणि त्याच्या जागी चार आठवडे लांबचा एक नवीन, त्या दिवशीच्या भावाने आणि त्या दिवशीच्या स्ट्राइकने.

यामागे गणित आहे गामाचं, म्हणजे मार्केट हललं की तुमचा डेल्टा, म्हणजे मार्केटच्या एका पॉइंटमागे ऑप्शनचा भाव किती हलतो तो आकडा, किती पटकन बदलतो ते. भाव स्ट्राइकजवळ असेल तर गामा उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या उलट चालतो, त्यामुळे 28 दिवस उरलेल्या ऑप्शनपेक्षा एक दिवस उरलेल्याचा गामा पाचपटीहून जास्त. शिडीत ही शेवटच्या दिवसाची आग एका वेळी एकाच लॉटला लागते.

पण 4 जूनच्या दुपारी शिडीवाल्यालाही घाम फुटला असता हो. चारही पुट एकदम तोट्यात, वर बाजाराची व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउताराची अपेक्षा मोजणारा इंडिया व्हीआयएक्स 30 च्या पुढे, आणि व्होलॅटिलिटी वाढली की लांबचा ऑप्शन जास्त महागतो, म्हणजे तिथे शिडीचाच जास्त त्रास. ब्रोकरकडे ठेवलेलं मार्जिन कमी पडलं आणि ब्रोकरने पोझिशन कापली तर 13 तारीख बघायला तुम्ही उरतच नाही. म्हणून माझ्या मते चार लॉटचं मार्जिन असेल तर दोनच लावावेत, लोकांना हे पटत नाही.

आणि मार्केट सावरलंच नाही तर? 20 फेब्रुवारी 2020 ला निफ्टी 12,081 होता, 23 मार्चला 7,610, मध्ये दम घ्यायला आठवडाच मिळाला नाही, शिडीच्या सगळ्या पायऱ्या एकामागून एक मोडल्या असत्या. शिडी तारखेची रिस्क वाटून देते, दिशेची नाही, त्यासाठी खालचा पुट विकतच घ्यावा लागतो. आणि हो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या स्ट्राइकला बिड-आस्कमधला फरक आधी बघा, बरेचदा तिथे मार्केट ऑर्डर टाकली की थोडा प्रीमियम तिथेच जातो.