बँक खात्यावरील टाच व लीन

खात्यात पैसे असूनही बँकेने ते काढू न देणे किंवा चेक, हप्ता, यूपीआय व्यवहार नाकारणे, यामागे पुष्कळदा खात्यावर लागलेली टाच किंवा ठरावीक रक्कम रोखून ठेवणारे लीन असते. हा आदेश बँकेचा नसून बाहेरून आलेला असतो. न्यायालय, आयकर खाते, जीएसटी खाते, महसुली थकबाकी वसूल करणारे अधिकारी किंवा पोलिस तो काढू शकतात. कर्ज थकले तर बँक स्वतःही रक्कम अडकवते, पण तो वेगळा विषय आहे. गोव्यात खोल्या भाड्याने देणाऱ्यांना आणि छोट्या दुकानदारांना हल्ली जास्त भोवतो तो सायबर गुन्ह्याच्या तक्रारीवरून आलेला आदेश. ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करतो. त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात गेलेले असतात. पोलिस आणि बँका त्या साखळीमागे जातात आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यात पोचलेली रक्कम रोखायला सांगतात. साखळीच्या टोकाला असलेला माणूस गुन्हेगारच असेल असे नाही. बऱ्याचदा त्याने फक्त माल किंवा सेवा विकलेली असते.

मांद्रेच्या एका गेस्टहाऊस मालकाचे उदाहरण घेऊ. पाहुण्याने तीन रात्रींचे ७,५०० रुपये यूपीआयने दिले. ते पैसे मुळात दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीचे होते. मालकाच्या खात्यात ६२,४०० रुपये आहेत. आदेश फक्त त्या रकमेपुरता असेल तर ७,५०० वर लीन लागते आणि उरलेले ५४,९०० त्याला वापरता येतात. पण आदेश पूर्ण खात्यावरचा असेल, किंवा बँकेने तसा अर्थ लावला, तर डेबिट फ्रीज लागतो. मग पैसे जमा होत राहतात, पण बाहेर एक रुपयाही जात नाही. साडेसात हजारांसाठी कामगारांचा पगार आणि वीज बिल अडकवणे अन्यायाचे आहे. फ्रीज वादग्रस्त रकमेपुरताच ठेवा, असे न्यायालयांनीही बँकांना सांगितले आहे. त्यामुळे पहिली मागणी लेखी करावी: फ्रीज काढून फक्त ७,५०० रुपयांवर लीन ठेवा.

दोन्हींतला फरक व्यवहार नाकारल्याच्या संदेशावरून बहुतेक वेळा कळतो. यूपीआयमध्ये `YE` हा कोड पाठवणाऱ्याचे खाते रोखलेले असल्याचे सांगतो, तर `Z9` म्हणजे शिल्लक अपुरी. एकूण शिल्लक पुरेशी दिसत असूनही `Z9` आला तर उपलब्ध शिल्लक पाहावी. तो फरक लीनचा असू शकतो.

शाखेत जाऊन तोंडी विचारपूस करून भागत नाही. अर्ज देऊन त्यावर पोच घ्यावी आणि चार गोष्टी मागाव्यात: तक्रारीचा पोचक्रमांक, आदेश देणारे पोलिस ठाणे व राज्य, रोखलेली रक्कम, आणि ती ज्या व्यवहारातून आली त्याची तारीख. रायबंदरच्या सायबर पोलिस ठाण्यात चौकशी करता येते, मात्र तक्रार बाहेरच्या राज्यातली असेल तर रक्कम मोकळी करण्याचा निर्णय तिथल्याच तपास अधिकाऱ्याच्या हाती असतो. त्याला ईमेलने मुद्देसूद पत्र पाठवावे. सोबत खोलीचे बिल, पाहुण्याच्या नोंदवहीचे पान, त्याच्या ओळखपत्राची प्रत, चॅटमधले बुकिंग आणि खात्याचा उतारा जोडावा. व्यवहार खरा होता हे कागदावरून दिसले तर अधिकारी बँकेला खाते मोकळे करण्याचे पत्र पाठवू शकतो. शाखा व्यवस्थापकाला स्वतःहून लीन हटवता येत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. ‘पैसे द्या, एका दिवसात फ्रीज काढून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र लांब राहावे.

पोलिस उत्तर देत नसतील तर रस्ता न्यायालयाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिस मालमत्ता रोखतात व त्याची खबर दंडाधिकाऱ्याला देतात. कलम ५०३ खाली ती परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे जुन्या पत्रांत फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १०२ व ४५७ दिसतात. अर्ज संबंधित ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायालयात करायचा असतो, म्हणून तिथला वकील लागतो. रक्कम लहान असेल तर हा खर्च परवडतो का, ते आधी पाहावे.

बँकेने आदेशाची माहितीच दिली नाही किंवा आदेशापेक्षा जास्त रक्कम अडकवली, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. लोकपाल बँकेच्या सेवेतली चूक पाहतो; पोलिसांचा आदेश योग्य की अयोग्य, हे तो ठरवत नाही.

फ्रीज असेपर्यंत नवे भाडे दुसऱ्या खात्यात घ्यावे आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी त्या खात्यातून नवी परवानगी द्यावी, कारण हप्ता परत गेला की दंड लागतो आणि क्रेडिट नोंदीवरही परिणाम होतो.