वॉर्निंग, स्ट्राइक आणि ९० दिवस: यूट्यूबच्या शिक्षेचा हिशेब कसा बदलत गेला

यूट्यूबवर नियम मोडला की खात्यावर जी नोंद होते ती स्ट्राइक, आणि ती दोन प्रकारची असते. एक कॉपीराइटची, दुसरी कम्युनिटी गाइडलाइन्सची. दोन्हींत तीन स्ट्राइकना चॅनल जातं, दोन्हींत स्ट्राइकची मुदत ९० दिवसांची आहे, पण त्यांची मोजणी एकमेकींत मिसळत नाही. कॉपीराइटची एक आणि गाइडलाइन्सच्या दोन मिळून चॅनल जात नाही. कॉपीराइटच्या तीनच्या नियमामागे अमेरिकेचा १९९८ चा कायदा आहे. वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण ठेवा, असं तो मंचांना सांगतो. गाइडलाइन्सच्या स्ट्राइकला असा कायदा नाही. तो कंपनीचा स्वतःचा नियम आहे, म्हणूनच तो इतक्या वेळा बदलला. या टिपणात फक्त त्याच स्ट्राइकबद्दल.

सुरुवातीच्या काळात एक स्ट्राइक खात्यावर सहा महिने राहायची. पुढे ती मुदत तीन महिन्यांवर आली. मात्र पहिल्या स्ट्राइकची शिक्षा आणि दुसरीची शिक्षा यांत काही ताळमेळ नव्हता. पहिल्या स्ट्राइकला ९० दिवस लाइव्ह बंद व्हायचं, पण व्हिडिओ टाकता यायचे. दुसरीला दोन आठवडे अपलोड बंद. जो कधी लाइव्ह करतच नव्हता त्याला पहिली स्ट्राइक जाणवायचीही नाही, आणि लाइव्हवरच ज्याचं चॅनल उभं होतं त्याचा अख्खा हंगाम जायचा.

२५ फेब्रुवारी २०१९ पासून हे सरळ झालं. पहिली स्ट्राइक म्हणजे एक आठवडा व्हिडिओ, लाइव्ह, पोस्ट सगळं बंद. ९० दिवसांच्या आत दुसरी आली तर दोन आठवडे. त्याच ९० दिवसांत तिसरी आली तर चॅनल बंद. आणि या सगळ्याच्या आधी एक पायरी जोडली गेली: वॉर्निंग. पहिल्या चुकीला व्हिडिओ काढला जाईल, बाकी शिक्षा नाही.

ऐकायला हे उदार होतं, पण घोळ इथेच झाला. स्ट्राइक ९० दिवसांनी जायची, वॉर्निंग मात्र कधीच जायची नाही. चॅनलच्या अख्ख्या आयुष्यात ती एकदाच मिळायची. तीन वर्षांपूर्वी एका थंबनेलवरून वॉर्निंग मिळालेल्या माणसाकडून आज वेगळ्याच नियमाखाली चूक झाली, तर थेट स्ट्राइक. मोठी शिक्षा तीन महिन्यांत पुसली जाते आणि छोटी कायमची राहते, हा उलटा न्याय होता. त्याचा फटका शिकत शिकत काम करणाऱ्यांना जास्त बसला, असं माझं स्पष्ट मत आहे. सराईत नियम मोडणाऱ्याला एका वॉर्निंगने फरक पडत नाही. गावाकडून एकटा चॅनल चालवणाऱ्याला पडतो.

ही चूक दुरुस्त व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. तेव्हापासून वॉर्निंग मिळालेल्याला संबंधित नियमावरचं छोटं प्रशिक्षण घेता येतं. ते पूर्ण केल्यावर ९० दिवस त्याच नियमाचं उल्लंघन झालं नाही, तर वॉर्निंग निघून जाते. त्या ९० दिवसांत तोच नियम पुन्हा मोडला तर वॉर्निंग राहते आणि वर स्ट्राइक मिळते. दुसरा नियम मोडला तर पुन्हा वॉर्निंगच. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: प्रशिक्षण घेतलंच नाही, तर वॉर्निंग आपोआप जात नाही. नुसतं ९० दिवस थांबून उपयोग नाही. शिवाय उल्लंघन गंभीर असेल तर वॉर्निंगची पायरी गाळून थेट स्ट्राइक किंवा चॅनलबंदीही होऊ शकते.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. एका सर्पमित्राचं चॅनल आहे. मुद्दाम घडवून आणलेली, प्राण्याला इजा करणारी सुटका यूट्यूबला चालत नाही, आणि खरी सुटकाही बिनसंदर्भाची दाखवली तर तशी वाटू शकते. जानेवारीत त्याला वॉर्निंग मिळाली, प्रशिक्षण राहून गेलं. १० जूनला पहिली स्ट्राइक आली. १७ जूनला अपलोड पुन्हा सुरू झालं आणि त्याला वाटलं, सुटलो. पण आठवडा हा बंदीचा होता. स्ट्राइक ८ सप्टेंबरपर्यंत जिवंत आहे. १ ऑगस्टला दुसरी आली. १५ ऑगस्टपर्यंत पुन्हा बंदी, आणि ही दुसरी स्ट्राइक ३० ऑक्टोबरपर्यंत राहणार. आता ७ सप्टेंबरला आणखी एक आली तर चॅनल गेलं. तीच ९ सप्टेंबरला आली तर जूनची उतरलेली असल्याने ती दुसरीच धरली जाते आणि दोन आठवड्यांवर भागतं. प्रत्येक स्ट्राइकचे दिवस तिच्या स्वतःच्या तारखेपासून चालतात. सगळ्या एकदम पुसल्या जात नाहीत.

बंदीच्या काळात आधी शेड्यूल केलेले व्हिडिओही प्रसिद्ध होत नाहीत. ते प्रायव्हेट होतात आणि बंदी उठल्यावर हाताने पुन्हा वेळ लावावी लागते. घाबरून मूळ व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही. दुसऱ्या चॅनलवरून काम चालू ठेवणं म्हणजे बंदी चुकवणं धरलं जातं आणि ते सर्वांत महागात पडतं.

चॅनलची स्थिती बघायची जागा एकच. YouTube Studio उघडून Dashboard वर Channel violations हे कार्ड शोधायचं. वॉर्निंग किंवा स्ट्राइक कोणत्या व्हिडिओवर आणि कोणत्या नियमाखाली आली हे तिथे कळतं, अपीलही तिथूनच होतं. अपिलाला ९० दिवसांची मुदत आहे आणि संधी एकदाच मिळते, म्हणून संदर्भ नीट लिहूनच ते पाठवावं. Content मध्ये Restrictions या रकान्यात प्रत्येक व्हिडिओवरची बंधनं दिसतात, पण तिथलं प्रत्येक बंधन स्ट्राइक नसतं. वयाची अट, कॉपीराइटचा दावा, जाहिरातींचं पिवळं चिन्ह या वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्राइकची खोटी ईमेलही फिरतात. लिंकवर क्लिक न करता आधी Studio मध्ये जाऊन बघावं. तिथे काही नसेल तर ती मेल फसवी आहे.

व्हिडिओ काढला जाणं आणि स्ट्राइक मिळणं यांतला फरक २०२० मध्ये ठळक झाला. कोविडमुळे तपासणारी माणसं कमी झाली आणि काम यंत्रणेवर गेलं. एप्रिल ते जून या तिमाहीत १.१ कोटींहून जास्त व्हिडिओ काढले गेले. पण यंत्रणा चुकणार हे धरून, उल्लंघनाची पक्की खात्री नसेल तिथे माणसाने न पाहता स्ट्राइक द्यायची नाही असं ठरलं होतं. अपिलांनंतर परत आलेल्या व्हिडिओंचं प्रमाण त्या तिमाहीत सुमारे २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. व्हिडिओ गायब झाला म्हणून लगेच स्ट्राइक मोजू नये, ते यासाठी.

ताजा बदल ऑक्टोबर २०२५ चा आहे. तोवर चॅनल बंद झालं की त्या माणसाला नवं उघडायची कायमची मनाई होती. आता बंदीला एक वर्ष झाल्यावर काही जणांना नव्या चॅनलसाठी विनंती करता येते. जुनं चॅनल परत मिळत नाही, सबस्क्रायबरही नाहीत. नियमात बसणारे जुने व्हिडिओ नव्याने टाकता येतात. कॉपीराइटमुळे चॅनल गेलेल्यांना ही सोय नाही.