वेस मिटण्याआधी आणि मिटल्यावर: टोरश्लुसपानिक व मिडलाइफ क्रायसिस

चाळिशीच्या आसपास माणूस एकाएकी अस्वस्थ झाला की जर्मन लोक त्याच्याविषयी दोनपैकी एक शब्द वापरतात. एक त्यांचा स्वतःचा, टोरश्लुसपानिक. दुसरा इंग्रजीतून घेतलेला, मिडलाइफ क्रायसिस. वय साधारण तेच असल्याने परक्या वाचकाला हे दोन्ही शब्द समानार्थी वाटतात, पण ते तसे नाहीत.

‘टोर’ म्हणजे वेस, ‘श्लुस’ म्हणजे बंद होणे आणि ‘पानिक’ म्हणजे घबराट. शहरांच्या वेशी संध्याकाळी बंद होत असत, त्या काळातली ही प्रतिमा आहे. हांबुर्गमध्ये तर 1860 च्या अखेरीपर्यंत ही पद्धत टिकून होती आणि उशीर झालेल्याला पैसे मोजून आत यावे लागे. आपल्याला येथे हिरकणी आठवते. पण ती दरवाजा मिटल्यामुळे गडावर अडकली होती, तर जर्मन शब्दातला माणूस अजून बाहेर आहे आणि दरवाजा अजून पुरता मिटलेला नाही.

खरा फरक येथेच आहे. टोरश्लुसपानिकमध्ये मुदत संपत आलेली असते, पण संपलेली नसते, आणि म्हणून माणूस घाईने काहीतरी करून बसतो. मिडलाइफ क्रायसिसमध्ये नोकरी, घर, संसार हे सारे मिळालेले असते आणि ‘एवढेच होते का?’ हा प्रश्न छळत असतो. तिथे कोणतीही ठरावीक मुदत नसते. हा दुसरा शब्द मानसविश्लेषक इलियट जॅक्स यांच्या 1965 च्या लेखामुळे रूढ झाला.

भाषेतच याची खूण सापडते. जर्मनमध्ये ‘आउस टोरश्लुसपानिक’ असा प्रयोग फार होतो, आणि त्याला आपला ‘-पोटी’ हा प्रत्यय नेमका बसतो: टोरश्लुसपानिकपोटी लग्न केले, टोरश्लुसपानिकपोटी घर घेतले. समजा, अडतीस वर्षांच्या एका बाईने जेमतेम ओळखीच्या माणसाशी लग्न ठरवले, तर शेजारी हाच शब्द वापरतील. तीच बाई पंधरा वर्षांच्या संसारानंतर सारे सोडून दूरच्या गावी राहायला गेली, तर तो येथे लागू पडणार नाही. स्वतःविषयी बोलताना हा शब्द थट्टेचा असतो (‘मला आता हळूहळू टोरश्लुसपानिक व्हायला लागलाय’), मात्र दुसऱ्याविषयी, विशेषतः अविवाहित किंवा मूल नसलेल्या स्त्रीविषयी वापरला की त्याला आपल्या ‘घोडनवरी’सारखी बोचरी धार येते, आणि ती अनेकींना खटकते.

शिवाय हा शब्द वयाला बांधलेला नाही. 1961 च्या उन्हाळ्यात सीमा बंद होईल या धास्तीने पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे निघालेल्या लोंढ्यांविषयीही तो वापरला गेला, आणि 13 ऑगस्टला ती सीमा खरोखरच बंद झाली. आज खेळाडूंच्या खरेदीची मुदत संपताना फुटबॉल क्लब भलत्या किमती मोजू लागले की क्रीडावार्ताहर हाच शब्द लिहितात. तिथे मात्र हात जपून ठेवावा लागतो, कारण मधला ‘ल’ गळला की ‘टोरशुस’ होते, म्हणजे गोलवर मारलेला फटका, आणि क्लबची घाई बाजूला राहून खेळाडूच गोल मारायला घाबरतो आहे असा अर्थ निघतो.