बत्ती किती लांबून दिसते?

रात्री किनाऱ्याकडे परतणाऱ्या ट्रॉलरवरचा तांडेल क्षितिजावर दीपगृहाची बत्ती शोधत असतो. समजा, बत्ती समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंच आहे आणि केबिनमध्ये उभ्या असलेल्या तांडेलाचे डोळे पाण्यापासून ४ मीटरवर आहेत. नकाशावर त्या दीपगृहाशेजारी ‘२४ सागरी मैल’ असं छापलंय. मग २४ मैलांवरून त्याला बत्ती दिसेल का?

नाही दिसणार. छापलेला आकडा दिव्याच्या प्रखरतेचा असतो. हवेची दृश्यता १० सागरी मैल धरली, तर दिव्याचा प्रकाश डोळ्याला जाणवेल इतका कुठवर पोचतो, एवढंच तो सांगतो. मधे पृथ्वीची गोलाई येते, तिचा हिशेब त्यात नाही. तो वेगळा करावा लागतो आणि त्यासाठी दहावीच्या भूमितीतलं एक प्रमेय पुरतं.

आधी फक्त तांडेलाचा विचार करू. त्याच्या डोळ्यातून निघालेली नजर समुद्राच्या पृष्ठभागाला जिथे जेमतेम टेकते, तिथे त्याचं क्षितिज. म्हणजे नजरेची रेषा ही पृथ्वीच्या वर्तुळाची स्पर्शिका झाली. आता डोळ्यातूनच दुसरी रेषा सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्रातून आरपार पलीकडे काढा. ही झाली छेदिका. स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं प्रमेय सांगतं, की स्पर्शिकेच्या लांबीचा वर्ग म्हणजे छेदिकेच्या दोन लांब्यांचा गुणाकार: डोळ्यापासून वर्तुळाच्या जवळच्या बिंदूपर्यंतची आणि डोळ्यापासून पलीकडच्या बिंदूपर्यंतची. जवळची लांबी म्हणजे डोळ्याची उंची. पलीकडची म्हणजे पृथ्वीचा व्यास अधिक तीच उंची.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणून व्यास १,२७,४२,००० मीटर. त्यात तांडेलाचे ४ मीटर मिळवले काय, न मिळवले काय, फरक पडत नाही. ४ गुणिले १,२७,४२,००० म्हणजे ५,०९,६८,०००. याचं वर्गमूळ सुमारे ७,१४०. तांडेलाचं क्षितिज ७.१४ किलोमीटरवर आहे.

दर वेळी एवढी आकडेमोड नको असेल, तर उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. यातलं वर्गमूळ महत्त्वाचं आहे. क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर उंची चौपट करावी लागते. पुळणीवर उभ्या माणसाचे डोळे १.६ मीटरवर असतील, तर त्याला साडेचार किलोमीटरपर्यंतचा समुद्र दिसतो. ‘अथांग’ म्हणून आपण ज्याच्याकडे टक लावून बघतो, तो समुद्र इतकासाच. तोच माणूस चार मीटरवर चढला, की अडीच किलोमीटरहून जास्त कमावतो. पण १०० मीटर उंचीच्या कड्यावर आणखी तेवढाच चढला, तर पाऊण किलोमीटरही धड हाती लागत नाही.

आता बत्ती. तिलाही स्वतःचं क्षितिज आहे: ३६ चं वर्गमूळ ६, गुणिले ३.५७, म्हणजे २१.४ किलोमीटर. बत्तीतून निघालेला जो किरण समुद्राला स्पर्श करून पुढे जातो, तोच तांडेलाच्या डोळ्यात शिरला, तर बत्ती त्याला पहिल्यांदा दिसते. म्हणजे दोन्ही स्पर्शिका एकाच बिंदूत, एका रेषेत जुळतात आणि त्यांच्या लांब्यांची फक्त बेरीज करायची: २१.४ अधिक ७.१, एकूण २८.५ किलोमीटर.

प्रत्यक्षात मात्र बत्ती याच्या थोडी आधी दिसते, आणि त्याला कारण हवा आहे. समुद्रालगतची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे प्रकाशाचा किरण किंचित खाली, पृथ्वीच्या वळणाच्या दिशेने वाकतो. सर्वसाधारण हवेत हा परिणाम असा असतो, की जणू पृथ्वीची त्रिज्या सातास सहा या प्रमाणात वाढली. गुणक ३.५७ ऐवजी ३.८६ होतो आणि आपलं अंतर ३०.९ किलोमीटर, म्हणजे १६.७ सागरी मैल. नाविकांच्या कोष्टकात हाच हिशेब सागरी मैलांत, २.०८ या गुणकाने केलेला असतो. छापील २४ मैलांपैकी शेवटचे सात मैल तांडेलाच्या उपयोगाचे नाहीत. दिवा त्याहून कितीही प्रखर केला, तरी ते सात मैल परत मिळणार नाहीत.

जुन्या नाविकांना हे कागदाशिवायही कळायचं. आधी क्षितिजामागून आभाळावर बत्तीचा नुसता उजेड फिरताना दिसतो. तो धुळीवर आणि बाष्पावर विखुरलेला प्रकाश असतो. मग अचानक दिव्याचा ठिपका उगवतो. तो खरोखर क्षितिजावरच आहे का, हे पडताळायला माणूस उकिडवा बसतो. डोळे चारावरून सव्वातीन मीटरवर आले, की त्याची स्पर्शिका पाऊण किलोमीटरने आखडते आणि ठिपका गडप होतो. उभं राहिलं की पुन्हा हजर. असं झालं, तर दोन स्पर्शिकांची बेरीज हेच दीपगृहापासूनचं अंतर, आणि दीपगृहाची दिशा होकायंत्रावर घेतली की नकाशावर बोटीची जागा ठरते. खाली बसूनही ठिपका तसाच दिसत राहिला, तर बोट त्या रेषेच्या बरीच आत आलेली आहे आणि हे अंतर धरता येत नाही.

या हिशेबात चुका शिरतात त्या मुख्यतः उंचीतून. नकाशावरची बत्तीची उंची मोठ्या भरतीच्या पाण्यापासून मोजलेली असते. ओहोटीला पाणी चार मीटर खाली गेलं, तर बत्ती ४० मीटरवर जाते आणि अंतर सव्वा किलोमीटरने वाढतं. लाटा असल्या तर बोटच वरखाली होते आणि ठिपका उगवत-मावळत राहतो, तोही न बसता.

हाच हिशेब उलटा केला, की जहाजाचा बुडखा का दिसत नाही हे कळतं. पुळणीवरच्या माणसाचं क्षितिज, हवेचं वाकणं धरून, ४.९ किलोमीटर. जहाज २० किलोमीटरवर असेल, तर क्षितिजापलीकडे १५.१ किलोमीटर उरले. त्याला ३.८६ ने भागून वर्ग केला तर सुमारे १५ मीटर येतात. जहाजाचा पाण्यालगतचा पंधरा मीटरचा भाग झाकलेला आहे. दुर्बीण लावली तर वरचा भाग मोठा दिसेल, खालचा दिसणार नाही.

मात्र ३.८६ हा आकडा सरासरी हवेचा आहे, आणि हवा रोज सरासरी नसते. थंड पाण्यावर ऊबदार हवेचा थर पसरला, तर किरण जास्त वाकतात. उंचीबरोबर तापमान दर मीटरला सुमारे ०.११ अंश सेल्सिअसने वाढत असेल, तर किरणाचं वळण पृथ्वीच्या वळणाइतकंच होतं. मग स्पर्शिका काढून उपयोग नाही, कारण किरण पृष्ठभागालगत पुढे पुढेच जात राहतो. रेडिओ लहरींना तर बाष्पाचाही हातभार लागतो. जमिनीवरून आलेली कोरडी, तापलेली हवा दमट समुद्री हवेच्या थरावर पसरली, की त्या थरात लहरी कोंडल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या एका रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत हजार मैलांहून लांबच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत असत. स्पर्शिकेच्या हिशेबाने तेवढ्या अंतराला रडारचा मनोरा शंभर किलोमीटरहूनही उंच लागला असता.