निवृत्तीच्या हिशोबात महागाई एकदा धरायची की दोनदा?

'महागाई धरूनच हिशोब केलाय' असं म्हणणाऱ्यांच्या हिशोबात बहुतेक वेळा महागाई साठाव्या वर्षी थांबलेली असते. आजचा घरखर्च निवृत्तीच्या दिवसापर्यंत वाढवून घेणं ही एक गोष्ट. निवृत्तीनंतरही काढायची रक्कम दरवर्षी वाढवत नेणं ही दुसरी. दोन्हींना 'महागाई धरली' असंच म्हणतात, पण दरमहा टाकायच्या रकमेत त्यामुळे केवढा फरक पडतो, ते एका उदाहरणात पाहू.

वय 35, घरखर्च महिन्याला 40,000. निवृत्ती साठीला आणि पैसे पुरायला हवेत 85 पर्यंत. महागाई 6 टक्के, निवृत्तीपर्यंत परतावा 10 टक्के, नंतर 8 टक्के. हे दर माझं गृहीतक आहे, हमी नव्हे. करही धरलेला नाही.

साठीला तोच घरखर्च महिन्याला सुमारे 1.72 लाख, म्हणजे वर्षाला 20.6 लाख होतो. इथपर्यंत दोन्ही हिशोब सारखेच. वर्षाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला काढायची असं धरून पुढचं एक्सेलमध्ये असं मांडता येईल:

```
=PV(0.08, 25, -2060000, 0, 1)
=PV(1.08/1.06-1, 25, -2060000, 0, 1)
```

पहिल्या ओळीत 25 वर्षं तेच 20.6 लाख काढायचे आहेत. त्यासाठी 2.37 कोटी लागतात. दुसरीत ती रक्कम दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढते, आणि लागतात 4.15 कोटी. बदललाय फक्त दर: 8 टक्क्यांच्या जागी महागाई वजा जाऊन उरलेला जेमतेम 1.9 टक्के. आजपासून 25 वर्षं दरमहा टाकायची रक्कम पहिल्या हिशोबात साधारण 19,250 येते, दुसऱ्यात 33,700.

पहिला हिशोब चुकीचा नाही, पण त्यातलं आयुष्य कसं असेल ते पाहा. बहात्तरीला त्याच 1.72 लाखांत साठीच्या निम्माच बाजार येईल. चौऱ्याऐंशीला त्याची किंमत आजच्या दहा हजारांहूनही थोडी कमी. वडिलांची सरकारी पेन्शन पाहत मोठे झालेल्यांना हे चटकन लक्षात येत नाही, कारण त्या पेन्शनवर महागाई भत्ता वाढत जातो. ईपीएफची पेन्शन तशी वाढत नाही. विमा कंपनीच्या साध्या ॲन्युइटीतही रक्कम ठरलेलीच असते. काही ॲन्युइटींत दरवर्षी 3 टक्के वाढीचा पर्याय मिळतो. पण ही वाढ मूळ रकमेवर सरळ असेल, तर 24 वर्षांनी रक्कम पावणेदोनपटही होत नाही. 6 टक्क्यांच्या महागाईत खर्च तोवर चौपट झालेला असतो.

खरा घोटाळा होतो तो पहिल्या हिशोबाने पैसे जमवून दुसऱ्यासारखे काढणाऱ्यांचा. किराणा आणि औषधं महागतात, म्हणून ते काढायची रक्कम वाढवत जातात. पासष्टीला 2.37 कोटींतले 2.03 कोटी शिल्लक दिसतात, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. बहात्तरीला मात्र वर्षाचा खर्चही पूर्ण निघत नाही.

म्हणून नुसती शिल्लक बघून काही कळत नाही. शिल्लकेला त्या वर्षी काढायच्या रकमेने भागा. या माणसाचं पासष्टीचं उत्तर 7.4 येतं. उरलेल्या 20 वर्षांना ते 16.8 च्या आसपास हवं होतं. इतक्या लवकर कळलं तर खर्च आवरता येतो, थोडं काम चालू ठेवता येतं.

4.15 कोटी जमवणाऱ्याची फसगत उलटी असते. त्याची शिल्लक सत्तरीपर्यंत वाढतच जाते आणि 4.87 कोटींना टेकते. पंचाहत्तरीलाही ती सुरुवातीपेक्षा जास्तच असते. हे जास्तीचे पैसे आहेत असं वाटून मुलाच्या फ्लॅटला हातभार लावायचा मोह होतो, पण शेवटच्या दहा वर्षांचा खर्च त्याच पैशांतून व्हायचा असतो. वर निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांतच बाजार पडला, तर सरासरी 8 टक्के मिळूनही पैसे आधी संपू शकतात. हे सूत्र दरवर्षी सारखाच परतावा धरतं, त्यामुळे हा धोका त्यात दिसत नाही.

पगारातून 33,700 आज निघत नसतील, तर हप्ताही दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवा. मग सुरुवात सुमारे 20,250 पासून करून त्याच 4.15 कोटींपर्यंत पोचता येतं. म्हणजे पहिल्या हिशोबाच्या 19,250 पेक्षा फक्त हजारभर जास्त. शेवटच्या वर्षी हा हप्ता 82,000 च्या घरात जातो. पगारवाढ 6 टक्क्यांच्या खाली राहिली, तर तो पगाराचा दरवर्षी मोठा हिस्सा खाऊ लागेल, तेव्हा वाढ किती ठेवायची हे पगाराकडे बघूनच ठरवावं लागेल.