सरडा, पाल आणि घोरपडीचे पिल्लू : छायाचित्रावरून ओळख

घराच्या आसपास किंवा शेतात टिपलेल्या छायाचित्रातील प्राणी बागेतला सरडा (कॅलोटिस व्हर्सिकलर) आहे, पाल आहे की घोरपडीचे (व्हॅरनस बेंगालेन्सिस) पिल्लू आहे, हे ठरवताना रंग आणि आकारमान या दोन्ही गोष्टींवर सर्वांत कमी विसंबावे. विणीच्या हंगामात नर सरड्याचे डोके व गळा लालभडक होतो आणि एरवी तोच प्राणी मातकट दिसतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले घोरपडीचे पिल्लू साधारण वीतभर लांब असते, म्हणजे लांब शेपटीच्या पूर्ण वाढलेल्या सरड्यापेक्षा ते लहानही असू शकते. शिवाय छायाचित्रात मोजमापासाठी शेजारी ओळखीची वस्तू क्वचितच असते.

त्यामुळे प्रथम पाहावी ती मान. घोरपडीची मान अगदी लहान वयातही लांब आणि डोक्यापासून स्पष्ट वेगळी असते, तर सरड्याचे डोके आखूड मानेवर बसलेले आणि पालीचे रुंद, चपटे डोके जवळजवळ धडालाच चिकटलेले दिसते. त्यानंतर खवले पाहावेत. सरड्याच्या अंगावरील खवले मोठे, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असून बाजूच्या खवल्यांची टोके मागे आणि वर वळलेली असतात. पाठीच्या कण्यावर काट्यांची रांग आणि कानाच्या वर छोट्या काट्यांचे दोन झुबके असतात. घोरपडीच्या पिल्लाचे खवले मण्यांसारखे बारीक असून एकमेकांवर चढत नाहीत. अंगावर फिकट ठिपक्यांच्या आडव्या रांगा आणि गळ्यावर व पोटावर गडद पट्टे असतात. तिची नाकपुडी तिरप्या फटीसारखी असते आणि तोंडाच्या टोकापेक्षा डोळ्याच्या किंचित जवळ असते. दुभंगलेली लांब जीभ चित्रात आली असेल तर प्रश्न तिथेच सुटतो, पण ती क्षणभरच बाहेर येते, म्हणून चित्रात ती नसणे हा कशाचाच पुरावा नाही.

पालीच्या बाबतीत डोळा सर्वाधिक बोलका असतो. घरातल्या पालीला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि बाहुली उभ्या फटीसारखी असते. सरडा व घोरपड यांना पापण्या असतात आणि त्यांची बाहुली गोल असते. मात्र रात्री काढलेल्या चित्रात येथेच घोळ होतो, कारण अंधारात पालीची बाहुली पसरून जवळपास गोल होते आणि फ्लॅशचा उजेड पडल्यावर ती आकुंचन पावण्याआधीच चित्र टिपले जाते. अशा वेळी बोटांच्या टोकाजवळील रुंद गाद्या पाहाव्यात; काचेवर बसलेल्या पालीच्या खालून काढलेल्या चित्रात त्या उत्तम दिसतात.

हे दोन्ही नियम एका जातगटापाशी तुटतात, आणि घोरपडीच्या पिल्लाशी सर्वाधिक गल्लत त्याचीच होते. समजा, संध्याकाळनंतर शेताच्या बांधावरील दगडाजवळ वरून काढलेले चित्र आहे. प्राणी फिकट पिवळसर, त्यावर रुंद गडद पट्टे, बोटे बारीक व गादीविरहित, आणि चित्र मोठे केल्यावर डोळ्याला पापणीची कड दिसते. पट्टे आणि पापणी पाहून ‘घोरपडीचे पिल्लू’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण मान आखूड आहे, डोके रुंद आहे, बाहुली उभी आहे आणि शेपटी जाड, गोलसर, वलयांकित असून धडापेक्षा आखूड आहे. घोरपडीची शेपटी धडापेक्षा लांब, दोन्ही बाजूंनी दाबलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. म्हणून हा प्राणी युब्लेफॅरिस प्रजातीतील, जमिनीवर राहणारी बिबट्या पाल ठरतो. ठळक पट्टे तिच्या पिल्लांत असतात आणि वयानुसार ते फुटून ठिपके होतात. पापण्या असलेली ही पाल भिंतीवर चढणारी नव्हे.

शेपटीवरून निर्णय घेताना मात्र ती मूळची आहे का, हे पाहावे. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते, पण नवी शेपटी गुळगुळीत, आखूड, क्वचित फुगीर असते आणि जुनी नक्षी त्या ठिकाणी एकाएकी थांबलेली दिसते. सरडा व घोरपड शेपटी अशी टाकून देत नाहीत. गुळगुळीत, चकचकीत खवल्यांचा आणि अगदी आखूड पायांचा प्राणी दिसल्यास तो या तिघांपैकी कोणीच नसून सापसुरळी असण्याची शक्यता जास्त असते.

उत्तर भारतात ‘बिसखोपरा’ या नावाने जे भयंकर विषारी जनावर सांगितले जाते, ते बहुधा घोरपडीचे पट्टेरी पिल्लूच असते, आणि माणसाचा जीव घेईल असे विष या तिघांपैकी कोणातही नाही. ज्या चित्रात फक्त पाठीचा मधला भाग आला आहे आणि डोके, बोटे, शेपटी तिन्ही गवताखाली आहेत, त्यावर नाव न घालता ‘ओळख अनिश्चित’ असेच लिहावे. पुन्हा संधी मिळाल्यास प्राण्याला न हलवता, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून बाजूने एक आणि शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण शरीर येईल असे एक चित्र घ्यावे.