फक्त १४ आणि १५ उलटे राहिले, आता?

गेल्या सुट्टीत भाचा घरी आला तो हातात आकड्यांचा प्लॅस्टिकचा पट घेऊनच. चार बाय चारची चौकट, तिच्यात १ ते १५चे ठोकळे आणि एक मोकळी जागा. ठोकळा उचलायचा नाही, मोकळ्या जागेत नुसता सरकवायचा आणि आकडे ओळीने लावायचे. त्याने १३पर्यंत सगळं नीट लावलं होतं. शेवटच्या ओळीत मात्र १३, १५, १४ असं दिसत होतं.

"मामा, एवढे शेवटचे दोन करून दे ना."

"होणार नाहीत. तू ठोकळे काढून परत बसवलेस का रे?"

तो गप्प. मग कंपासमधली पट्टी दाखवून म्हणाला, "फक्त एकदाच." आदल्या दिवशी पट्टीने ठोकळे उचकटून त्याने ते हाताला येतील तसे परत बसवले होते. मला हे पट बघूनच कळलं. दुकानातून आणलेला पट नुसता सरकवत राहिलात तर १४ आणि १५ची अशी अदलाबदल कधीच होत नाही. म्हणजे कुणीतरी ठोकळे उचललेले असणार.

अमेरिकेत १८८०च्या सुरुवातीला या खेळाचं वेड पसरलं तेव्हा हा प्रकार घरोघर झाला. तेव्हाचे ठोकळे लाकडाचे आणि डबीत सुटे असत. ते डबीत कसेही भरायचे आणि मग सरकवून क्रम लावायचा, असा खेळ होता. कधी तो सहज सुटे, कधी बरोबर १३, १५, १४वर येऊन अडे, आणि लोक रात्ररात्र जागत. खेळाची मूळ कल्पना न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइस चॅपमन यांची. पुढे कोडीकार सॅम लॉइड यांनी ती आपलीच असल्याचं बिनदिक्कत सांगितलं आणि १४-१५ची अदलाबदल सोडवणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. बक्षीस द्यावं लागणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, कारण १८७९ सालच्या 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये जॉन्सन आणि स्टोरी या दोन गणितज्ञांनी ही गाठ कधीच उकलून ठेवली होती.

त्यांची युक्ती कळायला शाळेतली बेरीज पुरते.

पट पुस्तकाच्या पानासारखा वाचायचा, डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ करत. मोकळी जागा आली की ती सोडून पुढे जायचं. म्हणजे १५ आकड्यांची एक रांग मिळते. या रांगेत मोठा आकडा आधी आणि लहान आकडा नंतर आला, की ती झाली एक 'उलटी जोडी'. दोन्ही आकडे शेजारीशेजारीच असायला हवेत असं नाही. भाच्याच्या पटात अशी जोडी एकच होती, १५ आणि १४ची. सुटलेल्या पटात एकही नसते.

आता ठोकळा सरकवला की या जोड्यांचं काय होतं ते पाहू. ठोकळा आडवा सरकला तर रांग बदलतच नाही. फक्त मोकळी जागा हलते आणि तिला आपण वाचताना मोजत नाही. ठोकळा उभा सरकला, म्हणजे वर किंवा खाली गेला, तर मात्र तो रांगेत बरोबर तीन ठोकळ्यांवरून उडी मारतो. हे डोळ्यांनी बघायला पुढचा पट घ्या. चौकोन म्हणजे मोकळी जागा.

१ २ ३ ४
५ ६ □ ८
९ १० ७ १२
१३ १४ ११ १५

रांगेत ७च्या आधी ८, ९ आणि १० आले आहेत, म्हणून तीन उलट्या जोड्या. तसंच ११च्या आधी १२, १३ आणि १४, आणखी तीन. एकूण सहा. आता ७ वर सरकवा. तो ८, ९, १०च्या पुढे जातो, त्या तिन्ही जोड्या सुलट्या होतात आणि सहाचे तीन उरतात. मग ११ वर सरकवा, तीनचे शून्य. शेवटी १५ डावीकडे सरकवला की मोकळी जागा कोपऱ्यात जाते, रांग तशीच राहते आणि पट सुटतो.

इथे उडीतल्या तिन्ही जोड्या उलट्या होत्या म्हणून संख्या तीनने घटली. एरवी तीनपैकी दोन उलट्या आणि एक सुलटी असेल तर दोन सुधारतात, एक बिघडते आणि फरक एकाचा पडतो. कसंही केलं तरी तीन जोड्या पालटल्यावर एकूण फरक एक किंवा तीनचाच असतो, म्हणजे विषम. तेव्हा प्रत्येक उभ्या सरकवणीला उलट्या जोड्यांची संख्या समची विषम किंवा विषमची सम होते. याला अपवाद नाही.

आता मोकळ्या जागेकडे बघा. प्रत्येक उभ्या सरकवणीला तीही एक ओळ वर किंवा खाली जाते. ती तळाच्या ओळीपासून किती ओळी वर आहे ते मोजलं (तळाशीच असेल तर शून्य), तर हा आकडाही दर वेळी समचा विषम, विषमचा सम होतो. दोघं एकाच वेळी पालटतात, म्हणून त्यांची बेरीज सम असेल तर समच राहते आणि विषम असेल तर विषमच. वरच्या उदाहरणात ही बेरीज आधी ६ + २, मग ३ + १, मग ० + ० अशी होती. प्रत्येक वेळी सम.

सुटलेल्या पटाची बेरीज शून्य, म्हणजे सम. भाच्याच्या पटाची बेरीज १ + ०, म्हणजे विषम. वर्षभर सरकवत बसलात तरी विषमातून समात जाता येत नाही. लॉइड यांचे हजार डॉलर याच कारणाने सुरक्षित राहिले.

बरेच जण फक्त उलट्या जोड्या मोजतात आणि मोकळ्या जागेला विसरतात. चूक होते ती इथेच. हा पट बघा.

४ ११ २ ७
□ ९ १४ १
१२ ३ ८ १५
६ १३ ५ १०

यातल्या उलट्या जोड्या मोजायची सोपी रीत अशी की प्रत्येक आकडा धरायचा आणि त्याच्या नंतर त्याच्याहून लहान किती आले ते लिहायचं. ४च्या नंतर २, १ आणि ३ आहेत, म्हणून ३. ११ला ९, २ला १, ७ला ४, ९ला ५, १४ला ८, १२ला ५, ८ला २, १५ला ४, ६ला १ आणि १३ला २. बाकीच्यांना शून्य. बेरीज ४४. मोकळी जागा तळापासून दोन ओळी वर, म्हणून ४४ + २ = ४६. सम आहे, पट सुटेल.

आता तीच रांग ठेवून मोकळी जागा फक्त एक ओळ खाली घेऊ.

४ ११ २ ७
९ १४ १ १२
□ ३ ८ १५
६ १३ ५ १०

वाचताना आकडे त्याच क्रमाने येतात, म्हणून जोड्या ४४च. पण मोकळी जागा आता एकच ओळ वर आहे. ४४ + १ = ४५, विषम, आणि हा पट कधीच सुटणार नाही. नुसत्या ४४कडे बघून 'सम आहे, सुटेल' म्हणणारा इथे फसतो. असं म्हणायची सवय लागते ती तीन बाय तीनच्या पटामुळे. तिथे उभा सरकणारा ठोकळा दोनच ठोकळ्यांवरून उडी मारतो, फरक शून्य किंवा दोनचा पडतो आणि मोकळ्या जागेची भानगडच उरत नाही. तिथे नुसत्या उलट्या जोड्या मोजल्या तरी भागतं. पटाची रुंदी विषम असेल तर हा सोपा नियम, सम असेल तर मोकळ्या जागेसकटचा.

इथवर आपण एवढंच दाखवलं की विषम पट सुटत नाही. सम असलेला प्रत्येक पट सुटतोच, याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. तो भाग स्टोरी यांचा. त्यामागची कल्पना नेहमी खेळणाऱ्याच्या हातालाच ठाऊक असते. वरच्या दोन ओळी नेहमीच लावता येतात. त्यानंतर खालच्या दोन ओळींतले डावीकडचे दोन रकानेही लागतात, ९ आणि १३, मग १० आणि १४. उरतो उजव्या कोपऱ्यातला दोन बाय दोनचा तुकडा, त्यात ११, १२, १५ आणि मोकळी जागा. हे तीन ठोकळे आता गोल फिरतात, एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. गोलात तीन जण दोनच तऱ्हांनी बसू शकतात. एका तऱ्हेने बसले असतील तर फिरवत फिरवत पट सुटतो. दुसऱ्या तऱ्हेची बेरीज विषम भरते, म्हणून सम पट तिथे पोचूच शकत नाही.

ठोकळे आणि मोकळी जागा मिळून पटाच्या सुमारे २१ लाख कोटी मांडण्या होतात. त्यातल्या बरोबर निम्म्या सुटतात, निम्म्या नाही. म्हणून ठोकळे उचकटून हाताला येतील तसे बसवले तर पट बिघडण्याची शक्यता नाणेफेकीइतकी असते. मोबाइलवर असा खेळ बनवणारे नवखे लोक १५ आकडे नुसते पिसतात आणि अर्ध्या खेळणाऱ्यांना न सुटणारा पट देऊन बसतात. पिसल्यावर बेरीज तपासायची आणि विषम निघाली तर कोणत्याही दोन ठोकळ्यांची अदलाबदल करायची, एवढ्याने काम होतं. सम बेरीज 'सुटेल' एवढंच सांगते, किती चालींत ते नाही. चार बाय चारचा सर्वांत अवघड पट सुटायला ८० चाली लागतात.

या नियमातून एकच पळवाट आहे, ती म्हणजे दोन ठोकळे हुबेहूब सारखे असणं. तीन बाय तीनच्या पटावर आकड्यांऐवजी 'कमल', 'नमन', 'घर' ही अक्षरं लावून बघा. शेवटी 'घर'चं 'रघ' झालं आणि अडलात, तर दोन 'न'ची आपापसात अदलाबदल करा. बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही, पण समविषमचा हिशेब पालटतो आणि 'घर' जागेवर येतं. चित्राच्या पटात आकाशाचे दोन निळेशार तुकडे असले तरी हेच होतं.

भाच्याच्या पटावर सारखे ठोकळे नव्हते. पण मोकळी जागा शेवटी न ठेवता अगदी पहिल्या घरात ठेवली तर १ ते १५ ओळीने लावलेल्या पटाची बेरीज ० + ३ होते, विषम, म्हणजे त्याच्या अडलेल्या पटाच्याच गटातली. मी बराच वेळ सरकवत बसलो आणि तसा लावून त्याच्या हातात दिला. पहिलं घर मोकळं, मग १, २, ३ करत शेवटच्या कोपऱ्यात १५.

त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "पण मोकळं घर शेवटी हवं होतं," म्हणाला, आणि कंपासमधून पट्टी काढली.